बीटा ब्लॉकरची गोळी एकदम का सोडायची नाही?

बीटा ब्लॉकर हे रक्तदाबाचे औषध म्हणून जन्मलेच नाही. स्कॉटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या डोळ्यांसमोर अँजायनाचे, म्हणजे चालताना छातीत कळ येणारे रुग्ण होते. त्या वेळी हृदयाचा रक्तपुरवठा वाढवण्यावर सगळ्यांचा भर होता. ब्लॅक यांनी प्रश्न उलटा केला: हृदयाची गरजच कमी करता आली तर? ॲड्रिनलिन हे संप्रेरक पेशींवरच्या ज्या बीटा रिसेप्टरवर बसून हृदयाला पळवते, ते रिसेप्टर अडवायचे. पहिल्या औषधाने उंदरांमध्ये गाठी झाल्या म्हणून ते मागे पडले आणि १९६०च्या दशकाच्या मध्यावर प्रोप्रॅनोलॉल बाजारात आले. अँजायनाच्या रुग्णांचा रक्तदाबही उतरतो, हे लंडनच्या ब्रायन प्रिचर्ड यांच्या लक्षात आले आणि गोळीला दुसरे काम मिळाले.

पुढे काही दशके बीपीसाठी ॲटेनोलॉल हे बीटा ब्लॉकर सर्रास लिहिले गेले. मग २००२ आणि २००५ साली आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत ते लोसार्टन आणि अम्लोडिपिन या बीपीच्या वेगळ्या गटांतल्या औषधांवर आधारित उपचारांपुढे फिके पडले, विशेषतः पक्षाघात टाळण्यात. दंडावर मोजलेला रक्तदाब जवळपास सारखाच उतरत होता, पण हृदयाजवळच्या महाधमनीतला दाब ॲटेनोलॉलने तितका उतरत नव्हता. २००६ साली ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी त्याला पहिल्या पसंतीतून काढले. माझ्या मते ते योग्यच झाले, पण त्यातून ‘हे जुनाट औषध आहे, बंद केले तरी चालते’ असा चुकीचा अर्थही निघाला. बीपीसोबत अँजायना असेल, हार्ट अटॅक येऊन गेला असेल, हृदयाची पंपिंगची ताकद घटली असेल किंवा एट्रियल फिब्रिलेशनमध्ये नाडी बेताल धावत असेल, तर बीटा ब्लॉकर आजही मुद्दाम निवडतात. गरोदरपणातल्या बीपीसाठी लॅबेटॅलॉल हे बीटा ब्लॉकर देतात. दमा असलेल्यांना मात्र बीटा ब्लॉकर सहसा देत नाहीत.

अचानक बंद करण्याचा धोका कळला तो १९७०च्या दशकात, तोही रुग्णांच्या जिवावर बेतून. १९७५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अँजायनाच्या २० रुग्णांची हकिकत छापून आली. प्रोप्रॅनोलॉल एकदम थांबवल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्यांतल्या सहा जणांची तब्येत गंभीर बिघडली आणि दोघे दगावले. मूळ आजारच पुन्हा वर आला असेल, अशी शंका साहजिक होती. पण औषध सोडल्यानंतर काही दिवस हृदय ॲड्रिनलिनसारख्या द्रव्याला नेहमीपेक्षा जास्त प्रतिसाद देते, हे पुढे प्रयोगांत दिसले. रिसेप्टर दीर्घकाळ अडवून ठेवले की पेशी त्यांची संख्या वाढवतात. कुलूप लावले म्हणून घराला आणखी दारे पाडावीत, तसे. गोळीचा अंमल एक-दोन दिवसांत ओसरतो, वाढलेले रिसेप्टर मात्र त्यानंतरही काही दिवस राहतात. धोका या मधल्या काळात असतो.

आपल्याकडे हे कसे घडते, ते पाहा. भारतात अम्लोडिपिन ५ आणि ॲटेनोलॉल ५० मिलिग्रॅम एकाच गोळीत मिळते. समजा, साठीच्या एका गृहस्थांना ही गोळी पाच वर्षे चालू आहे. पायांवर सूज येऊ लागते. ती बहुधा अम्लोडिपिनची. नवे डॉक्टर ती गोळी बंद करून टेल्मिसार्टन हे बीपीचे दुसरे औषध देतात. अम्लोडिपिन शरीरातून हळूहळू निघून जाते, त्याचा त्रास होत नाही. ॲटेनोलॉलही त्याच गोळीसोबत एका दिवसात बंद झाले, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी धडधड सुरू होते, हाताला कंप आणि घाम येतो, एरवी ६४ असणारी नाडी बसल्या जागी १०५ लागते, बीपी चढते. हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झालेल्या असतील, तर जिना चढताना छाती आवळते. नव्या गोळीला नावे ठेवली जातात, दोष तिचा नसतो.

योग्य वाट अशी: टेल्मिसार्टन सुरू करून ॲटेनोलॉल वेगळे चालू ठेवायचे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवायचे. उदाहरणार्थ, आठवडाभर २५ मिलिग्रॅम, पुढचा आठवडा साडेबारा, मग बंद. अँजायनाचा इतिहास असेल तर आणखी सावकाश. या काळात नाडी मोजत राहायची आणि दगदग टाळायची. छातीत दुखले तर थेट रुग्णालय गाठायचे आणि कोणती गोळी कधी थांबवली, हे तिथे आधी सांगायचे, कारण अशा वेळी बहुधा तीच गोळी पुन्हा सुरू करतात. क्लोनिडीन हे बीपीचे आणखी एक औषधही चालू असेल तर क्रम महत्त्वाचा: बीटा ब्लॉकर आधी उतरवून बंद करतात, क्लोनिडीनला त्यानंतर काही दिवसांनी हात लावतात. उलट केले तर रक्तदाब धोकादायकरीत्या उसळू शकतो.

शस्त्रक्रियेआधी ही गोळी थांबवावी, असे एके काळी सांगितले जाई. आता नियमित घेणाऱ्याला ती साधारणपणे ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत देतात. मात्र आधी कधीच न घेतलेल्याला त्याच दिवशी मोठा डोस सुरू करणेही वाईटच. २००८ साली आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत त्याने हार्ट अटॅक कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले.