रेग्युलेटर तापतो त्यामागचा हिशेब: 723 पासून 7805 पर्यंत आणि पुढे

लिनिअर रेग्युलेटर म्हणजे जास्त किंवा हलत्या व्होल्टेजमधून ठरलेलं स्थिर व्होल्टेज काढून देणारा भाग. तो लोडच्या, म्हणजे वीज वापरणाऱ्या सर्किटच्या, सिरीजमध्ये बसतो. लोडला जाणारा सगळा करंट आधी त्याच्यातून जातो. आत 9 व्होल्ट आले आणि बाहेर 5 गेले, तर मधले 4 व्होल्ट त्याच्यावरच पडतात. त्यांना करंटने गुणलं की उष्णतेचे वॉट मिळतात:

```
P = (Vin − Vout) × I
```

रेग्युलेटर स्वतः चालण्यासाठी थोडा करंट खातो, 7805 या पाच व्होल्ट देणाऱ्या चिपच्या बाबतीत साधारण 5 मिलिअँपिअर. तो Vin ने गुणून यात मिळवायचा असतो, पण 9 व्होल्टला ते फक्त 0.045 वॉट होतात. अर्धा-एक अँपिअरच्या लोडपुढे ते सोडून दिले तरी चालतात.

हे सूत्र व्हॉल्व्हच्या काळातही हेच होतं. तेव्हापासून आजपर्यंत जे बदलत गेलं ते इतकंच की ही उष्णता कुठे निघते आणि तिचा हिशेब कोणाला करावा लागतो. लिनिअर रेग्युलेटरचा इतिहास मला तरी याच अंगाने सगळ्यात नीट कळतो.

1960 च्या दशकाच्या अखेरीस फेअरचाइल्डची 723 ही चिप आली. ती स्वतः 150 मिलिअँपिअरपर्यंतच करंट द्यायची. त्याहून जास्त हवा असेल तर बाहेर 2N3055 सारखा पॉवर ट्रान्झिस्टर जोडायचा. याचा एक फायदा होता: नियंत्रण करणारी चिप थंड राहायची आणि तापणारा ट्रान्झिस्टर कॅबिनेटच्या मागच्या बाजूला मोठ्या हीटसिंकवर वेगळा बसायचा. उष्णतेचा हिशेब पॉवर सप्लाय बनवणारा माणूस एकदाच करायचा. बोर्ड बनवणाऱ्याला त्याच्याशी काही देणंघेणं नसायचं.

टीटीएल लॉजिकने, म्हणजे त्या काळच्या डिजिटल चिपांच्या एका प्रकाराने, ही व्यवस्था अडचणीत आणली. टीटीएलला 5 व्होल्ट लागतात आणि त्यात 5 टक्के, म्हणजे पाव व्होल्ट, इकडेतिकडे चालतं. आता एकाच सप्लायमधून 20 अँपिअर निघून बोर्डांकडे जातायत असं समजा. वाटेतल्या वायरी आणि कनेक्टर मिळून रोध 10 मिलिओहम असला तरी 0.2 व्होल्ट तिथेच जातात. सप्लायवर अचूक 5 व्होल्ट मोजले तरी शेवटच्या बोर्डावर 4.8 पोहोचतात आणि सवलत जवळजवळ संपते. यावर सरळ उपाय असा की प्रत्येक बोर्डावर स्वतःचा रेग्युलेटर ठेवायचा. पण त्यासाठी एक अँपिअर देणारी, तीनच पायांची, स्वस्त चिप हवी होती.

ती नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये बॉब विडलर यांनी घडवली: एलएम 109. तिच्यामागची रचना त्यांनी 1971 मध्ये शोधनिबंधातून मांडली. पॉवर ट्रान्झिस्टर आणि अचूक संदर्भ व्होल्टेज देणारं सर्किट एकाच सिलिकॉनवर बसवायचं, तर ट्रान्झिस्टरची उष्णता शेजारच्या नाजूक सर्किटपर्यंत पोहोचणारच. विडलर यांनी तापमानाने फारसं न हलणारा बँडगॅप संदर्भ वापरला. त्याच्या जोडीला चिपचं तापमान धोक्याच्या पातळीला गेलं की करंट आपोआप आवळणारं सर्किट चिपवरच ठेवलं. यालाच थर्मल शटडाउन म्हणतात. पुढे फेअरचाइल्डची 7800 मालिका आली आणि पाच व्होल्टचा 7805 घराघरातल्या प्रयोगांपर्यंत पोहोचला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आजही तो कोणत्याही दुकानात मिळतो.

या विचाराचं सर्वांत ठळक रूप 1975 च्या अल्टेअर 8800 संगणकात दिसतं. त्याची सगळी कार्डं ज्या सामायिक वायरींवर जोडलेली असायची त्या बसवर, म्हणजे पुढे एस-100 म्हणून ओळखल्या गेलेल्या बसवर, साधारण 8 व्होल्ट रेग्युलेट न करताच फिरवले होते. प्रत्येक कार्डाने ते स्वतःच्या रेग्युलेटरने 5 वर आणायचे. वायरीत पाव व्होल्ट गेला तरी आता काही बिघडत नव्हतं. मात्र हीटसिंकचा हिशेब कार्ड बनवणाऱ्या प्रत्येकाच्या माथी आला.

तो हिशेब एकदा करून पाहू. कार्डाला 1 अँपिअर लागतो. 7805 ला नीट चालायला आतबाहेर सुमारे 2 व्होल्टचा फरक हवा, म्हणजे इनपुट 7 च्या खाली जाता कामा नये. रेग्युलेट न केलेल्या व्होल्टेजवर रिपल, म्हणजे सततचा चढउतार, असतो, त्यामुळे ही अट त्याच्या सर्वांत खालच्या टोकाला लागू होते. उष्णता मात्र सरासरीवर ठरते, आणि मेन्सचं व्होल्टेज चढलं की ही सरासरीही चढते. म्हणून इथे 8 न धरता 9.5 व्होल्ट धरलेले बरे. (9.5 − 5) × 1 म्हणजे 4.5 वॉट.

आता तापमान. टीओ-220 पॅकेजमधला 7805 हीटसिंकशिवाय दर वॉटमागे साधारण 50 ते 65 अंश तापतो. नेमका आकडा कंपनीच्या डेटाशीटमध्ये असतो. 50 धरला तरी 4.5 वॉटला 225 अंशांची वाढ होते. चिप तिथवर पोहोचणारच नाही, त्याआधीच ती थर्मल शटडाउनमध्ये जाईल. हीटसिंक निवडताना उलट बाजूने जायचं. पेटीच्या आत 45 अंश आहेत, चिप 125 च्या वर जाऊ द्यायची नाही, म्हणजे हाताशी 80 अंश उरले. 80 भागिले 4.5 म्हणजे दर वॉटमागे सुमारे 17.8 अंश. त्यातले 5 चिपपासून पॅकेजच्या पत्र्यापर्यंत जातात, जवळपास 1 पत्रा आणि हीटसिंकच्या मधल्या थरात. उरलेले 11.8 अंश हीटसिंकच्या वाट्याला येतात. त्याहून कमी आकड्याचा हीटसिंक घ्यायचा, कारण कमी आकडा म्हणजे उष्णता लवकर बाहेर पडणं. असली वीस कार्डं एका पेटीत बसवली तर फक्त रेग्युलेटरच 90 वॉट सोडतात आणि 45 अंशांचं आपलं गृहीतकच कोसळतं. म्हणून त्या पेट्यांत पंखा लागायचा.

थर्मल शटडाउनमुळे चिप जळायची थांबली, पण चूक ओळखणं कठीण झालं. हीटसिंक अपुरा असेल तर सर्किट सुरू होतं, काही मिनिटं ठीक चालतं, मग अचानक रिसेट होतं किंवा अडकून बसतं. थंड झालं की पुन्हा चालतं. दोष प्रोग्रॅममध्ये आहे असं वाटून लोक तासन्‌तास घालवतात. त्याआधी लोड जोडलेला असतानाच आउटपुटला मीटर लावावा आणि तापेपर्यंत बघत राहावं. आउटपुट पाचवरून घसरत असेल तर लगेच इनपुटही मोजावं. तिथे 7 व्होल्टपेक्षा बरेच जास्त असतील तर संशय उष्णतेवर घ्यावा. इनपुटच 7 च्या आसपास असेल तर उष्णतेला दोष देऊ नये, कमी पडतोय तो ट्रान्सफॉर्मर किंवा फिल्टर कपॅसिटर. साधा मीटर सरासरी दाखवतो, रिपलचं खालचं टोक दाखवत नाही, हे मात्र लक्षात ठेवावं.

1977 च्या ॲपल टू संगणकासाठी रॉड होल्ट यांनी ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारा स्विचिंग सप्लाय वापरला आणि ही उष्णता मुळातच टाळली. त्याच वर्षी बॉब डॉबकिन यांनी लो-ड्रॉपआउट रेग्युलेटरची कल्पना मांडली. आतबाहेरचा फरक 2 व्होल्टांवरून बराच खाली आणता येतो, हे त्यातून दिसलं. पण या नावाने एक गैरसमज रुजला. लो-ड्रॉपआउट रेग्युलेटर कमी फरकावर चालू शकतो, तो आपोआप कमी तापत नाही. त्याला 12 व्होल्ट दिले आणि 5 काढले तर 7 व्होल्ट त्याच्यावरही पडतातच.

आर्डुइनो युनो आर3 या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर हेच घडतं. त्यावर बोटाच्या पेराहून लहान, एसओटी-223 पॅकेजमधला रेग्युलेटर असतो आणि त्याला हीटसिंक म्हणून बोर्डावरचं तांबंच काय ते असतं. 12 व्होल्टचा अडॅप्टर लावून 5 व्होल्टवर 200 मिलिअँपिअर घेतले की 7 × 0.2, म्हणजे 1.4 वॉट तिथे निघतात आणि हात लावला तर चटका बसतो. तोच लोड 7.5 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालवला तर अर्धा वॉटच निघतो. इनपुटच्या डायोडवर थोडे व्होल्ट आधीच पडतात, त्यामुळे 7 व्होल्टच्या खाली मात्र जाऊ नये.