रावेरहून धुळ्याला निघालेला मेल कुठे कुठे उघडा पडतो?

रावेरच्या केळी व्यापाऱ्याने धुळ्यातल्या सीएला बँकेचं स्टेटमेंट मेलने पाठवलं, असं समजा. त्याच्या फोनपासून मेल कंपनीच्या सर्व्हरपर्यंत मजकूर टीएलएसने, म्हणजे वाटेतला मजकूर सांकेतिक करणाऱ्या पद्धतीने, कुलूपबंद असतो. वाटेत कोणी डोकावलं तरी काही कळत नाही. पण सर्व्हरवर पोचताच हे कुलूप उघडतं. पुढे सीएच्या सर्व्हरकडे जाताना नवं कुलूप लागतं, तेही समोरच्या सर्व्हरला टीएलएस जमत असेल तर. जमत नसेल तर बरेचसे सर्व्हर मेल थांबवत नाहीत, तसाच उघडा पाठवतात. आलेल्या मेलचे तांत्रिक तपशील उघडून `Received` या ओळींत `ESMTPS` किंवा `TLS` दिसतं का ते बघा. दिसलं तर त्या टप्प्यावर कुलूप होतं.

सगळे टप्पे कुलूपबंद असले तरी दोन्ही सर्व्हरवर ते स्टेटमेंट वाचता येण्याजोगंच पडून राहतं. कोणाच्या हाती सीएचा पासवर्ड लागला, तर वर्षानुवर्षांचे हिशेब त्याच्यापुढे उघडे.

फिल झिमरमन यांनी 1991 साली आणलेला, मजकूर पाठवण्याआधीच कुलूपबंद करणारा पीजीपी हा प्रोग्राम नेमका इथे उपयोगी पडतो. सीए दोन किल्ल्या तयार करतो. सार्वजनिक किल्ली व्यापाऱ्याला देतो, खासगी स्वतःच्या संगणकावर ठेवतो. सार्वजनिक किल्लीने बंद केलेलं फक्त खासगी किल्लीनेच उघडतं. व्यापाऱ्याचा संगणक प्रत्येक मेलसाठी एक नवी किल्ली बनवून तिने मजकूर बंद करतो आणि ती छोटी किल्ली सीएच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून सोबत धाडतो. सर्व्हरला दिसतो तो `-----BEGIN PGP MESSAGE-----` या ओळीखालचा अक्षरांचा गोळा. पाठवणारा, घेणारा आणि सहसा विषयाची ओळ मात्र उघडीच राहते.

मग लोक हे का वापरत नाहीत? 1999 मध्ये अल्मा व्हिटन आणि डग टायगर या संशोधकांनी 12 जणांना दीड तास देऊन पीजीपी 5.0 वापरायला लावलं. सात जणांनी गुप्त संदेश समोरच्याऐवजी स्वतःच्याच सार्वजनिक किल्लीने बंद केला, म्हणजे तो समोरच्याला उघडणारच नव्हता. तिघांनी चुकून तो उघडाच पाठवला. ही माणसं अडाणी नव्हती, मेल वापरण्यात मुरलेली होती. कोणती किल्ली कोणाची, हे डोक्यात ठेवण्याचं काम त्या प्रोग्रामने त्यांच्यावर टाकलं होतं.

पुढे प्रोग्राम सुधारले, तरी मूळ अडचण उरलीच. आलेली किल्ली खरोखर सीएचीच आहे, हे व्यापाऱ्याने तिचा ठसा, म्हणजे तिची ओळख पटवणारी अक्षर-आकड्यांची लांबलचक ओळ, सीएला फोनवर वाचून दाखवून ताडायला हवं. सीएचा लॅपटॉप बिघडला आणि खासगी किल्लीची दुसरी प्रत नसली, तर जुने मेल कायमचे गेले. पासवर्ड विसरल्यावर मिळते तशी नवी संधी इथे नाही. आणि एकट्याने पीजीपी बसवून भागत नाही, दोघांनाही ते हवं.

म्हणून वर्षातून एकदा जाणाऱ्या स्टेटमेंटसाठी मी पासवर्ड लावलेली पीडीएफ सुचवेन. पासवर्ड लांब हवा आणि तो फोनवरच सांगावा. जन्मतारीख नको: शंभर वर्षांच्या तारखा जेमतेम साडेछत्तीस हजार भरतात, आणि तेवढ्या तपासायला संगणकाला फार वेळ लागत नाही.