झाँग जहाजाचा विमा

अठराव्या शतकात लिव्हरपूलहून गुलाम आणायला निघालेल्या जहाजावर रोकड फारशी नसायची. त्यात भरलेल्या असत बंदुका, दारू, लोखंडाच्या कांबी, मालदीवच्या कवड्या आणि पुष्कळसं हिंदुस्थानी सुती कापड. गुजरात आणि कोरोमंडलच्या विणकरांचं हे कापड ईस्ट इंडिया कंपनी लंडनच्या लिलावात विकायची आणि तिथून ते पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायचं. तिथले व्यापारी आणि राजे चोखंदळ गिऱ्हाईक होते. रंग किंवा पोत मनासारखा नसला तर सौदा फिसकटे. लढायांत पकडलेली आणि पळवून आणलेली माणसं या मालाच्या मोबदल्यात जहाजावर चढवली जात.

एक सफर पुरी व्हायला वर्षाहून अधिक काळ लागे, म्हणून एकटा सावकार सहसा त्यात पडत नसे. पाच-सहा जण भागीदारीत भांडवल घालत. वसुलीची सोय मात्र खरी हुशारीची होती. वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावरच्या मळेवाल्याकडे रोख पैसा नसे, त्याची साखर अजून शेतात असे. तेव्हा गुलाम विकून देणारा तिथला अडत्या जहाजाच्या कप्तानाला लंडनच्या पेढीवर काढलेल्या हुंड्या देई. त्या वर्षाने, दीड वर्षाने, कधी तीन वर्षांनी वटायच्या. आपल्याकडचा कुठलाही जुना सराफ हा व्यवहार एका नजरेत ओळखेल. उद्याच्या साखरेवर आजची माणसं उधार मिळत होती, आणि ही उधारी पेलत होती लंडनची पेढी.

समुद्राचा धोका उरला तो विमेकऱ्यांच्या अंगावर. हा विमा नेमका काय भरून देत असे, ते झाँग नावाच्या जहाजाच्या खटल्यात उघडं पडलं.

झाँग जेमतेम ११० टनांचं होतं. विल्यम ग्रेगसन आणि त्याच्या लिव्हरपूलच्या भागीदारांसाठी ते विकत घेतलं गेलं होतं. १८ ऑगस्ट १७८१ रोजी पश्चिम आफ्रिकेतल्या अक्राहून निघताना त्यावर ४४२ गुलाम होते. त्या काळच्या इंग्रज जहाजांवर टनामागे साधारण दोन माणसं कोंबत, इथे चार होती. कप्तान ल्यूक कॉलिंगवूड पेशाने जहाजावरचा डॉक्टर. जहाज हाकण्याचा त्याला फारसा अनुभव नव्हता. रोगराईने साठाच्या वर गुलाम दगावले. नोव्हेंबरअखेर समोर जमैका दिसत असताना ते दुसरंच बेट आहे असं समजून जहाज पुढे निघून गेलं. मग पाणी पुरणार नाही असं ठरवून २९ नोव्हेंबरपासून काही दिवसांत सुमारे १३० जिवंत माणसं समुद्रात फेकण्यात आली. पहिल्या दिवशी बायका आणि मुलं.

यामागे विम्याचं गणित होतं. आजाराने मेलेल्या गुलामाचं नुकसान मालकाचं. पण जहाज वाचवण्यासाठी मालाचा काही भाग समुद्रात टाकावा लागला, तर त्याची भरपाई विमेकऱ्याने करायची, हा सागरी व्यापाराचा फार जुना नियम. झाँगवर माणशी ३० पौंडांचा विमा होता. मालकांनी दावा ठोकला आणि मार्च १७८३ मध्ये लंडनच्या ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला.

विमेकरी फेरसुनावणीसाठी गेले तेव्हा पुढे आलं की फेकाफेक चालू असतानाच पाऊस पडला होता, आणि जहाज जमैकाला लागलं तेव्हा शेकडो गॅलन पाणी शिल्लक होतं. सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डने खटला पुन्हा चालवण्याचा आदेश दिला. कायद्याच्या दृष्टीने घोडे फेकावेत तसंच हे प्रकरण आहे, असंही तोच बोलून गेला. खुनाचा आरोप कुणावरच ठेवला गेला नाही. कप्तान आधीच मेला होता आणि जहाजाची नोंदवही गहाळ होती.

ही बातमी गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पच्या कानावर घातली ती ओलॉडा इक्वियानोने; तो स्वतः एके काळी गुलाम होता. शार्पने ती सगळीकडे पोचवली. १७८७ मध्ये लंडनच्या एका छापखान्यात बारा जणांनी गुलामव्यापार बंद करण्यासाठी समिती स्थापली, त्यातले नऊ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. समितीतला थॉमस क्लार्कसन बंदराबंदरांतून खलाशांच्या साक्षी गोळा करत हिंडला. १७८८ पासून पुढच्या काही वर्षांत कायद्याने टनामागे किती माणसं न्यायची याला मर्यादा आली आणि गुलामांवरच्या विम्यालाही कात्री लागली. १८०७ मध्ये ब्रिटिशांचा गुलामव्यापारच बेकायदा ठरला. तरी दुसऱ्या देशांच्या झेंड्याखाली तो चालूच राहिला. ब्रिटिश नौदल अशी जहाजं पकडू लागलं, आणि सोडवलेल्या दर माणसामागे खलाशांना बक्षीस मिळे. हिशेब पुन्हा डोक्यामागे!

वसाहतींमधली गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ चा. त्यासाठी सरकारने २ कोटी पौंड बाजूला काढले; बराचसा पैसा कर्जाने उभा केला. भरपाई मिळाली मालकांना. गुलामांच्या हाती एक पेनीही पडली नाही. उलट मळ्यावर राबणाऱ्यांना १ ऑगस्ट १८३४ पासून 'उमेदवार', म्हणजे शिकाऊ कामगार, असं नवं नाव मिळालं, आणि त्या नावाखाली त्याच मालकांकडे आठवड्याचे चाळीसहून अधिक तास बिनपगारी काम चालू राहिलं, ते थेट १८३८ च्या ऑगस्टपर्यंत.