स्पीडोमीटरच्या काट्याची पार्श्वभूमी: स्प्रिंगपासून पडद्यापर्यंत

ऑटो शुल्झे यांनी 1902 मध्ये पेटंट घेतलेल्या स्पीडोमीटरमध्ये चाकाच्या गतीने फिरणारे चुंबक धातूच्या वाटीत भोवरे प्रवाह निर्माण करून तिला आपल्यासोबत ओढत असे आणि एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरत असे. काटा त्या वाटीच्या अक्षावरच बसवलेला असल्याने त्याचे सावकाश सरकणे, नव्या वेगापाशी किंचित पुढे जाऊन परतणे आणि शून्यापाशी खुंटीला टेकणे हे सारे यंत्ररचनेतूनच येत होते. पडद्यावरच्या काट्याला वजन नसते, त्यामुळे तेच गुण हिशोबाने द्यावे लागतात.

त्यासाठी स्प्रिंगचेच समीकरण वापरले जाते:

```
acc = k * (target - pos) - c * vel
vel += acc * dt
pos += vel * dt
```

`k = 100` आणि `c = 14` घेतल्यास अवमंदनाचे गुणोत्तर 0.7 येते. तेव्हा वेग एकदम 20 किमीने बदलला, तर काटा सुमारे 1 किमी पुढे जाऊन स्थिरावतो, आणि डोळ्याला एवढे पुरते.

खरी अडचण कोनाची आहे. 0 ते 180 किमीची, 270 अंशांत पसरलेली तबकडी घेऊ. वरची दिशा शून्य मानून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास तिची सुरुवात 225 अंशांवर होते आणि प्रत्येक किमीला दीड अंश येतो. 80 किमीला काटा 345 अंशांवर असतो. 100 किमीला हिशोबाने 375, म्हणजे 360 वजा केल्यावर 15 अंश येतात. आता 345 कडून 15 कडे जायला सांगितले, की काटा 30 अंश पुढे न जाता 330 अंश मागे पळतो. वेग नेमका 90 किमी ओलांडतानाच काटा गरकन उलटा फिरला, तर दोष इथे आहे हे ओळखावे.

यावर होकायंत्रासाठी योग्य असलेला, सर्वांत जवळचा मार्ग शोधणारा उपाय सर्रास सुचवला जातो:

```
diff = ((target - angle + 540) % 360) - 180
```

याने वरचे उदाहरण सुटते, पण माझ्या मते स्पीडोमीटरसाठी तो चुकीचाच आहे. संवेदकाचा संकेत क्षणभर तुटून वाचन 20 वरून थेट 160 किमीवर गेले, तर काट्याने 210 अंश पुढे जायला हवे. हे सूत्र मात्र -150 देते आणि काटा तबकडीच्या खालच्या, आकडे नसलेल्या भागातून जातो. खुंटी असलेल्या यांत्रिक काट्याला तो रस्ता कधी उपलब्धच नव्हता.

म्हणून स्प्रिंग कोनावर न चालवता वेगावर चालवावी आणि चित्र काढण्याच्या क्षणीच `angle = 225 + 1.5 * pos` करावे. हा कोन 495 पर्यंत वाढू द्यावा, त्याला 360 ने भागून बाकी घेऊ नये. `pos` शून्याखाली गेल्यास ते शून्यावर आणून `vel` सुद्धा शून्य करावे. जुन्या खुंटीचे काम एवढ्यात होते.