टाचांच्या खोल भेगा

टाचेच्या कडेची त्वचा जाड आणि कोरडी होऊन तिला ज्या उभ्या चिरा पडतात, त्यांना टाचांच्या भेगा म्हणतात. बोलीभाषेत हा विकार जळवात म्हणून ओळखला जातो. बहुतेक भेगा त्वचेच्या वरच्या, निर्जीव थरातच असतात. त्या दिसायला वाईट असल्या तरी दुखत नाहीत. भेग त्याखालच्या जिवंत थरात उतरली, की ती खोल भेग. हा फरक घरीही ओळखता येतो. त्वचेच्या वरच्या थरात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे भेगेतून रक्त आले तर ती खाली उतरली आहे हे नक्की. अशा भेगेला सौंदर्याचा प्रश्न न समजता जखम समजावे. ती दिवसभर मातीवर आणि फरशीवर टेकत असते आणि प्रत्येक पावलागणिक पुन्हा उघडते.

टाचच का फुटते, हे तिच्या रचनेवरून कळते. तळव्याच्या त्वचेत घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, पण तेलग्रंथी मुळीच नसतात. अंगाच्या इतर भागांवर तेलाचा पातळ लेप त्वचेतले पाणी धरून ठेवतो. तळव्याला मात्र घामाच्या ओलाव्यावरच भागवावे लागते. टाचेखाली चरबीची गादी असते. उभे राहिल्यावर ती दाबली जाते आणि बाजूंना फुगते. कडेची त्वचा लवचीक असेल तर ती या फुगण्याबरोबर ताणली जाते. ती जाड आणि कोरडी असेल तर ताणली न जाता तडकते. म्हणून भेगा टाचेच्या मध्यभागी क्वचितच दिसतात. त्या कडेने, उभ्या आणि जवळजवळ समांतर पडतात. वजन जास्त असणे, तासन्‌तास उभे राहणे आणि मागून उघडी पादत्राणे वापरणे यांनी भेगा वाढतात, त्यामागेही हेच कारण आहे. बंद बुटाचा मागचा भाग टाचेला बाजूंनी आवळून धरतो. उघड्या चपलेत गादी मोकळी पसरते. शिवाय सततच्या दाबाला त्वचा स्वतःला जाड करून उत्तर देते. या जाड थराला घट्टा म्हणतात. घट्टा जितका जाड, तितकी चीर खोल.

कारण केवळ कोरडेपणा असेल तर घरची काळजी पुरते, मात्र तिचा क्रम नीट पाळावा लागतो. पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावेत, त्याहून जास्त वेळ नको. फार वेळ भिजलेली त्वचा नंतर अधिकच कोरडी पडते. पाय टिपून कोरडे केल्यावर घट्ट्याची कड प्युमिस दगडाने किंवा पायाच्या कानशीने हलकेच घासावी. हे आठवड्यातून दोनदा पुरे. थर एका दिवसात काढून टाकण्याचा मोह टाळावा, कारण त्वचा सोलवटली की ती पुन्हा जाड होऊ लागते. ब्लेडने कापणे तर कधीच नको. घासून झाल्यावर, त्वचेत ओलावा असतानाच, काही मिनिटांच्या आत मलम लावावे.

कोणते मलम लावायचे हे भेगेच्या अवस्थेवर ठरते. पेट्रोलियम जेली, तेल किंवा मेण त्वचेवर झाकण घालून आतले पाणी उडू देत नाही. घट्टा मात्र त्याने विरघळत नाही. युरिया असलेले मलम दोन कामे करते. दहा टक्क्यांपर्यंतचे युरिया त्वचेत पाणी धरून ठेवते आणि वीस-पंचवीस टक्क्यांचे घट्ट्यातले केराटिन हे कठीण प्रथिन सैल करते. उघड्या, रक्त येणाऱ्या भेगेत युरिया झोंबते, म्हणून आधी भेग जेली आणि पट्टीने झाकून मिटू द्यावी, मग युरियाकडे वळावे. मलम दिवसातून दोनदा लावावे आणि रात्री त्यावर सुती मोजे घालावेत. बोटांच्या बेचक्यांत ते लावू नये, कारण तिथला ओलावा चिखल्यांना आमंत्रण देतो. तळव्याची त्वचा जाड असल्याने तिचे नूतनीकरण हळू होते. दोन आठवड्यांत टाच मऊ होऊ लागलेली जाणवते आणि पूर्ण सुधारणेला त्याहून बराच वेळ लागतो. भेगा मिटताच मलम बंद केले तर त्या परततात, ही या उपायाची सर्वांत सामान्य फसगत आहे.

दोन-तीन आठवडे नेमाने काळजी घेऊनही टाच जशीच्या तशी राहिली, तर मलम बदलत बसण्यापेक्षा कारण शोधावे. सर्वांत सहज नजरेतून सुटणारे कारण म्हणजे बुरशी. बुरशी म्हटले की बोटांच्या बेचक्यांतली पांढरी, ओली, खाजणारी त्वचा डोळ्यांपुढे येते. तळव्यावर मात्र तिचे एक कोरडे रूप असते आणि ते बहुधा ट्रायकोफायटॉन रुब्रम या बुरशीमुळे होते. यात संपूर्ण तळवा आणि पावलाच्या कडा, जणू पायात सपाता घातल्यासारख्या, कोरड्या आणि किंचित लालसर दिसतात. खाज थोडी असते किंवा नसतेच. त्यामुळे माणूस वर्षानुवर्षे याला कोरडी त्वचाच समजतो. ओळखण्याच्या खुणा मात्र आहेत. तळव्यावरच्या बारीक रेषांमध्ये पिठासारखा पांढरा भुसा अडकलेला दिसतो, तर साध्या कोरडेपणात खरखर मुख्यतः टाचेच्या कडेपुरती राहते. पायाची नखे जाड, पिवळी आणि भुसभुशीत झालेली असतात. कधी दोन्ही पायांबरोबर एकाच हाताचा तळवाही तसाच कोरडा असतो. ही जोडी दिसली तर संशय पक्का धरावा.

खात्रीसाठी त्वचारोगतज्ज्ञ त्वचेचा भुसा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे उरतात. वरून लावायची बुरशीनाशके जाड घट्ट्यातून पुरेशी आत उतरत नाहीत, म्हणून कोरड्या प्रकारात अनेकदा टर्बिनाफिनसारखी पोटात घ्यायची गोळी द्यावी लागते. ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी, कारण यकृताचे आजार आणि चालू असलेली इतर औषधे आधी विचारात घ्यावी लागतात. नखात बुरशी असेल तर उपचार दोन आठवड्यांवरून बारा आठवड्यांपर्यंत लांबतो. नख तसेच सोडले तर बुरशी तिथून पुन्हा त्वचेत उतरते. आणखी एक इशारा इथे द्यायलाच हवा: स्टिरॉइड मिसळलेले मलम स्वतःच्या मनाने लावू नये. त्याने लाली आणि खाज कमी होते, पण बुरशी आत वाढत राहते आणि तिचे रूप इतके बदलते की नंतर डॉक्टरांनाही ओळखणे कठीण जाते.

मधुमेहात हाच प्रश्न वेगळ्या पातळीवर जातो. दीर्घकाळ वाढलेली साखर पायाच्या मज्जातंतूंना इजा करते. घाम आणणारे तंतू बिघडले की तळव्याचा एकमेव ओलावा आटतो आणि टाच फुटते. स्पर्श व वेदना पोचवणारे तंतू बिघडले की फुटलेली टाच दुखत नाही. बोटे वाकडी होऊन पावलाचा आकार बदलला, तर दाब चुकीच्या जागी पडू लागतो. त्यात पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर जखम भरायला रक्त कमी पोचते. भेगेतून शिरलेला जंतुसंसर्ग मग थेट टाचेच्या हाडापर्यंत जाऊ शकतो. म्हणून मधुमेह्याने ‘दुखत नाही’ यावरून धीर धरू नये. त्याच्या बाबतीत वेदना नसणे हेच काळजीचे लक्षण असू शकते.

संवेदना तपासण्याची एक सोपी पद्धत घरीही करता येते. तिला इप्सविच स्पर्श चाचणी म्हणतात. रुग्णाने डोळे मिटावेत आणि दुसऱ्याने त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला व करंगळीला, त्यांच्या टोकावर, एक-दोन सेकंद हलकेच बोट टेकवावे. दाबू नये, चोळू नये, एकाच जागी पुन्हा स्पर्श करू नये. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली आहे असे धरून डॉक्टरांना पाय दाखवावेत. दवाखान्यात हीच तपासणी १० ग्रॅम जोराला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूने करतात.

अशा पायाला वर सांगितलेली घरची काळजी जशीच्या तशी लागू पडत नाही. गरम पाण्यात पाय बुडवणे टाळावे, कारण चटका बसलेला कळत नाही. धुण्यासाठीचे पाणीही कोपराने तपासावे. घट्टा स्वतः घासू नये, सॅलिसिलिक आम्लाची मलमे किंवा पट्ट्या लावू नयेत. रोज पाय पाहणे, टिपून कोरडे करणे, साधे मलम लावणे आणि अनवाणी न चालणे, एवढेच त्याने करावे. रक्त आलेली भेग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवावी. भेगेभोवती पसरणारी लाली, सूज, ऊब, पू, दुर्गंधी, काळसर कड किंवा ताप असेल तर एक दिवसही थांबू नये. ही लक्षणे मधुमेह नसलेल्यालाही लागू आहेत.

तिन्ही कारणे एकाच टाचेत कशी गुंततात, ते एका नमुन्यादाखल घेतलेल्या रुग्णावरून पाहता येईल. वय ५६, मधुमेह बारा वर्षांचा, काम उभ्याचे. दोन्ही टाचांना भेगा, उजवीची एक भेग जरा ओली. तीन महिने जेली लावूनही फरक नाही, पण दुखत नसल्याने त्याने मनावर घेतलेले नाही. एका संध्याकाळी मोज्यावर रक्ताचा डाग दिसतो. तपासणीत तळव्याच्या रेषांत भुसा आणि दोन नखे जाड व पिवळी आढळतात. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात. नायलॉनच्या तंतूचा स्पर्श टाचेवर व अंगठ्यावर कळत नाही, मात्र पावलावरच्या नाड्या चांगल्या लागतात, म्हणजे रक्तपुरवठा शाबूत आहे. भेगेच्या खाली हाड लागत नाही आणि भोवती लाली नाही.

अशा वेळी उपचाराचा क्रम असा ठरतो. प्रथम तज्ज्ञ भेगेच्या दोन्ही कडांचा घट्टा उतरवतात, कारण कडा जाड राहिल्या तर प्रत्येक पावलाला त्या एकमेकींपासून ओढल्या जातात आणि भेग मिटत नाही. मग पट्टी बांधून टाचेवरचा भार योग्य पादत्राणाने कमी करतात. यकृताची तपासणी करून बुरशीची गोळी सुरू होते. नखेही बाधित असल्याने ती बारा आठवड्यांसाठी ठरते. साखरेचे औषध नव्याने बसवले जाते. भेग मिटल्यावरच रोज युरियाचे मलम सुरू होते. रुग्णाची जेली चुकीची नव्हती. तिने पाणी अडवले, पण बुरशी, घट्टा आणि हरवलेली संवेदना या तिघांनाही ती हात लावू शकत नव्हती.

याशिवाय सोरायसिस, इसब, पादत्राणातल्या रबराची किंवा गोंदाची ॲलर्जी, थायरॉइडची कमतरता आणि जन्मजात जाड तळव्यांचे आजार यांतही टाचा फुटतात. सोरायसिसमध्ये बहुधा कोपर, गुडघे किंवा टाळूवरही खपल्या सापडतात, त्यामुळे फक्त टाच पाहून निदान करू नये. कुष्ठरोगातही मज्जातंतू बाधित होऊन तळवा कोरडा आणि बधिर होतो. म्हणून मधुमेह नसताना बधिर पायाला भेगा पडल्या, तर त्वचेवर फिकट बधिर चट्टे आहेत का, हेही तपासून घ्यावे लागते.