दुसऱ्या मोजणीत आपोआप उतरणारा रक्तदाब

कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य कार्यक्रम हवा, असा प्रस्ताव मॅनेजमेंटपुढे न्यायचा झाला की त्यातल्या एका वाक्यावर सगळी भिस्त असते: ‘एका रुपयामागे इतके रुपये वाचतील.’ मीही पूर्वी हे वाक्य लिहिलं आहे. त्याचा आधार बहुतेक वेळा २०१० साली कॅथरीन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी प्रसिद्ध केलेला आढावा असतो. जुन्या अभ्यासांची गोळाबेरीज करून त्यांनी सांगितलं होतं, की कार्यक्रमावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे उपचारखर्चात ३.२७ डॉलर वाचतात आणि गैरहजेरी कमी झाल्याने आणखी २.७३ डॉलर.

पुढची गोष्ट प्रस्तावांमध्ये क्वचितच येते. त्याच बेकर आणि साँग यांनी नंतर अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीत प्रत्यक्ष प्रयोग केला. १६० शाखा आणि सुमारे ३३ हजार कर्मचारी होते. त्यातल्या २० शाखा चिठ्ठ्या टाकाव्या तशा निवडून तिथेच कार्यक्रम राबवला. दीड वर्षानंतर त्या शाखांतले लोक ‘आम्ही जास्त व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो’ असं इतरांपेक्षा जास्त प्रमाणात सांगत होते. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, उपचारखर्च, गैरहजेरी यांत ठळक फरक सापडला नाही. हा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला.

मग आधीच्या अभ्यासांना फायदा दिसला तो कुठून? एक उत्तर इलिनॉय विद्यापीठातल्या अशाच प्रयोगातून मिळालं. कार्यक्रमात आपणहून भाग घेणाऱ्यांचा उपचारखर्च कार्यक्रम सुरू होण्याआधीपासूनच कमी होता. म्हणजे भाग घेणारे आणि न घेणारे यांची तुलना केली, की कार्यक्रमाने काही न करताही तो यशस्वी ठरतो. दुसरं उत्तर जास्त फसवं आहे, कारण ते रक्तदाबाच्या आकड्यांतच दडलेलं असतं. प्रस्ताव लिहिणाऱ्याला ते कळलं, की बजेट, कार्यक्रम राबवणाऱ्या व्हेंडरच्या अटी आणि यशाची व्याख्या हे तिन्ही बदलतं.

तपासणी शिबिरातलं एक दृश्य बघा. सभागृहात रांग आहे. एकजण जिना चढून येतो, बाही दंडावर गुंडाळतो, खुर्चीच्या कडेवर टेकतो. पट्टा आवळला जात असतानाच तो शेजारच्याला मीटिंगची वेळ विचारतो. वरचा आकडा येतो १४८. त्याच माणसाला पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, हात छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवून पाच मिनिटं न बोलता बसू द्या आणि मग मोजा. १३४ आला तर मला नवल वाटणार नाही. बोलल्याने आकडा चढतो, लघवी तुंबलेली असली तरी चढतो, आणि जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी चढतो. अर्ध्या तासात चहा-कॉफी किंवा सिगारेट झाली असेल तर तेही त्यात मिसळतं.

आता अशा शिबिरात ज्यांचा आकडा जास्त आला, तेवढेच लोक आपण कार्यक्रमासाठी निवडले. त्यांत खरोखर रक्तदाब असलेले आहेत आणि फक्त त्या दिवशी चढलेलेही आहेत. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं, की दुसऱ्या प्रकारचे लोक आपल्या नेहमीच्या जागी परततात. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ साली उंच आईवडिलांची मुलं सरासरीच्या थोडी जवळ येतात हे मांडलं, त्यातलंच हे तत्त्व. समजा, सगळ्या कर्मचाऱ्यांची सरासरी १२६ आहे आणि निवडलेल्यांची पहिल्या दिवशी १५२ आली. एकाच माणसाच्या दोन दिवसांच्या आकड्यांतला सहसंबंध, म्हणजे ते एकमेकांशी किती जुळतात याचं माप, ०.७ धरला, तर दुसऱ्या मोजणीत २६ च्या अंतरातलं ७० टक्केच उरतं. निवडलेल्यांची सरासरी १४४ वर येते. गोळी नाही, सल्ला नाही, योगवर्ग नाही, तरी आठ अंकांची घट. व्हेंडरच्या सादरीकरणात ‘आमच्या सहभागींचा रक्तदाब आठने उतरला’ असं येतं, ते खोटं नसतं. फक्त ती घट त्यांनी घडवलेली असेलच असं नाही.

तरीही मी प्रस्तावात रक्तदाबच निवडेन. तो स्वस्तात मोजता येतो आणि तो उतरवण्याचा उपयोग पक्का आहे. २०१६ साली अनेक चाचण्या एकत्र करून झालेल्या विश्लेषणात, वरचा आकडा १० ने उतरला की हृदय-रक्तवाहिन्यांचे मोठे आजार साधारण पाचव्या हिश्शाने आणि पक्षाघात चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त कमी झालेला दिसला. आणि तो आटोक्यात आणण्याची रीतही माहीत आहे. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातल्या कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेत रक्तदाब आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण २००१ मध्ये ४४ टक्के होतं, ते २००९ मध्ये ८० टक्क्यांवर गेलं. तिथे स्पर्धा आणि बक्षिसं नव्हती. सर्व रुग्णांची एक यादी होती, औषध कधी वाढवायचं याचा ठरलेला क्रम होता, दोन औषधं एकाच गोळीत दिली जात होती आणि सहायकाकडे जाऊन मोजून येण्याची सोय होती. त्या काळात इतरत्रही प्रमाण सुधारत होतं, त्यामुळे सगळं श्रेय याच रीतीला देता येणार नाही. तरी प्रस्तावातले पैसे कुठे जायला हवेत, ते यावरून दिसतं.

एक उदाहरण घेऊ. ४०० कर्मचाऱ्यांची संस्था आहे. तपासणीला ३०० येतात, पहिल्या दिवशी ९० जणांचा आकडा १४०/९० किंवा त्याहून जास्त निघतो. त्या ९० जणांना वेगळ्या दोन दिवशी, नीट बसवून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि सरासरी घ्यायची. समजा ६० जण पक्के राहतात. गळालेल्या ३० जणांना घाईने कार्यक्रमात घेतलं असतं, तर ते आपलं ‘३३ टक्के यश’ ठरले असते. ज्याचा वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० पर्यंत गेला आणि पुन्हा मोजल्यावरही तसाच राहिला, त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं. छातीत दुखणं, धाप, अशक्तपणा, बोलताना अडखळणं असं काही असेल तर थेट आपत्कालीन विभागात. असे लोक पुढच्या हिशेबात धरायचे नाहीत.

आता या साठांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. तीस जणांचा पाठपुरावा, म्हणजे नर्सच्या नियमित भेटी आणि डॉक्टरांनी बघितलेला औषधांचा क्रम, लगेच सुरू; तीस जणांचा सहा महिन्यांनी. थांबलेल्यांनाही त्यांचे आकडे आणि आपल्या डॉक्टरांना भेटा अशी चिठ्ठी पहिल्याच दिवशी मिळते. मॅनेजमेंटला हे पटवणं वाटतं तितकं अवघड नाही, कारण पाठपुराव्याचा अर्धाच खर्च आधी करायचा आहे. आणि थांबलेला गट हीच आपली खरी मोजपट्टी आहे: त्यांचा आकडा आपोआप जितका उतरेल, तितका पहिल्या गटाच्या श्रेयातून वजा होईल.

सहा महिन्यांनी मोजायचं काय? १४०/९० च्या खाली आलेली माणसं. छेद मात्र तीसच राहील. जो मध्येच सोडून गेला, जो शेवटच्या मोजणीला आला नाही, तो आटोक्यात नाही असंच धरायचं. ‘कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांपैकी ९० टक्के’ असा आकडा दिसला की पूर्ण न करणारे किती, हा माझा पहिला प्रश्न असतो. समजा पहिल्या गटात १८ जण आटोक्यात आले आणि थांबलेल्या गटात ९. कार्यक्रमाचा काहीच उपयोग नसताना केवळ चिठ्ठ्यांच्या योगायोगाने एवढा फरक शंभरात दोन-तीनदाच पडेल. पण १३ विरुद्ध ९ आला, तर तो योगायोगानेही सहज घडतो. एवढ्या लहान संस्थेत लहान फायदा ओळखताच येणार नाही, हे प्रस्तावात आधीच लिहून ठेवावं. गैरहजेरी आणि उपचारखर्च मी यशाच्या व्याख्येतून याच कारणाने वगळते. ४०० जणांत एकाची मोठी शस्त्रक्रिया झाली, तर त्या वर्षीचा खर्चाचा आकडा त्या एकट्यावरच ठरतो.

बजेटची सुरुवात पैशांपेक्षा तासांपासून केलेली बरी. साठ माणसं, महिन्याला दोन भेटी, प्रत्येक भेट २० मिनिटांची, सहा महिने: एकूण २४० तास. दोन टप्प्यांत वाटले तर प्रत्येक टप्प्याला आठवड्याला साधारण पाच तास, म्हणजे एका नर्सचा अर्धा-पाऊण दिवस. त्यावर औषधांचा क्रम बघणारे डॉक्टर. मी लिहिते तेव्हा एकूण रकमेचा निम्म्याहून जास्त भाग या दोघांच्या वेळेला देते, साधारण पाव भाग सुरुवातीच्या मोजणीला आणि दहावा भाग शेवटच्या स्वतंत्र मोजणीला. ॲप, टी-शर्ट, चालण्याच्या स्पर्धेची बक्षिसं यांसाठी मी काहीच ठेवत नाही. कर्मचाऱ्यांचा वेळही बजेटमध्ये लिहावा. ३०० जणांची २० मिनिटं म्हणजे १०० तास. तो खर्च कागदावर नसला, तर विभागप्रमुख शिबिराच्या दिवशी माणसं सोडत नाहीत.

व्हेंडर निवडताना मी मागते ते एकच: प्रत्येक मोजणीचा मूळ आकडा, नाव काढून, वेळेसकट. सरासऱ्यांचे रंगीत आलेख पुरेसे नाहीत. मूळ आकडे हातात आले की शेवटचा अंक बघायचा. स्वयंचलित यंत्राने मोजलेल्या आकड्यांत शून्यापासून नऊपर्यंत प्रत्येक अंक दहातून साधारण एकदा यायला हवा. चाळीस टक्के आकडे शून्यावर संपत असतील, तर कुणीतरी यंत्राकडे न बघता अंदाजाने १३०, १४० लिहीत आहे. दोन मोजण्यांच्या वेळा एकाच मिनिटातल्या असतील, तर दुसरी मोजणी झालेलीच नाही. यंत्राचं मॉडेल अचूकतेसाठी तपासून मान्य झालेलं हवं आणि पट्टे किमान तीन मापांचे हवेत.

गोपनीयतेची अट मोजणीइतकीच महत्त्वाची आहे. कुणाचा आकडा काय, हे व्हेंडरने मॅनेजमेंटला सांगायचं नाही, आणि दहापेक्षा कमी माणसांच्या विभागाचा वेगळा आकडा द्यायचाच नाही. चार जणांच्या विभागात ‘एकाला रक्तदाब’ म्हटलं की सगळ्यांना नाव कळतं. ही अट लेखी नसली तर लोक तपासणीला येत नाहीत. घाबरून न येणाऱ्यांत आपल्याला हवी असलेलीच माणसं जास्त असतात.

पैसे कशावर द्यायचे, यावर मी बराच काळ चुकत होते. निकालावर पैसे दिले की व्हेंडर मन लावून काम करेल, असं मला वाटायचं. पण मोजणारा आणि पैसे घेणारा एकच असला, की १४१ चा १३८ व्हायला तिसरी मोजणी पुरते. त्यामुळे आता मी पाठपुराव्याच्या झालेल्या भेटींवर पैसे देण्याची अट घालते आणि शेवटची मोजणी दुसऱ्याकडून करून घेते, ज्याला कोण कुठल्या गटात होतं ते माहीत नसतं.

प्रस्तावाच्या शेवटच्या पानावर मॅनेजमेंटची सही घ्यायची ती या ओळींखाली: सहा महिन्यांनी दोन गटांत तीसपैकी किमान आठ माणसांचा फरक दिसला, तर दुसरा टप्पा ठरल्याप्रमाणे सुरू होईल. चार ते सात दिसला, तर दुसरा टप्पा होईल, पण ‘फायदा सिद्ध झाला’ असं अहवालात लिहिलं जाणार नाही. त्याहून कमी दिसला, तर उरलेल्या तीस जणांना पाठपुरावा मिळेलच, फक्त व्हेंडर आणि रीत दोन्ही बदलून.