तिरक्या फोटोतलं भांडवल खातं

गिरगावात दोन भावांचं भागीदारीतलं दुकान आहे. धाकट्या काकांनी वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "व्याज टाक आणि शिल्लक काढून दे रे." पान होतं भांडवल खात्याचं. डावीकडे नावे बाजू, उजवीकडे जमा, आणि दोन्ही बाजूंना थोरले आणि धाकटे असे दोन रकाने. फोटो तिरका असल्यामुळे थोरल्यांच्या ओळीवरून नजर घसरून शेजारच्या रकान्यात जात होती. मी सरळ पट्टी लावून वाचलं.

जमा बाजूला १ एप्रिलची शिल्लक होती: थोरल्यांची ४,००,०००, धाकट्यांची ३,००,०००. खाली १ ऑक्टोबरला थोरल्यांनी आणलेले रोख १,००,०००. व्याजाची ओळ कोरी. नावे बाजूला उचल: धाकट्यांची १,२०,०००, आणि थोरल्यांची... ९०,००० की १०,०००? घाईत लिहिलेला ९ आणि १ यांत फरक दिसेना. डोळे ताणण्यात अर्थ नव्हता. एकूण बेरीज आणि अखेरची शिल्लक दोन्ही रिकाम्या, म्हणजे ताळा करायलाच काही नाही. उचल खात्याच्या पानाचा फोटो मागवला. त्यात दरमहा ७,५०० च्या बारा नोंदी होत्या. म्हणजे ९०,०००.

करारात व्याज १० टक्के ठरलेलं. (करारात नसतं, तर १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार भांडवलावर व्याज मिळतच नाही, आणि ठरलेलं असलं तरी ते नफ्यातूनच द्यायचं.) व्याज अखेरच्या शिलकेवर लावायचं नाही, पैसा दुकानात जितके दिवस होता तितक्याचं लावायचं. थोरल्यांच्या चार लाखांवर वर्षाचे ४०,०००, पण ऑक्टोबरच्या लाखावर सहाच महिन्यांचे ५,०००. एकूण ४५,०००. तारखेचा रकाना न वाचणारा सरळ पाच लाखांवर ५०,००० लावून मोकळा होतो. धाकट्यांचं व्याज ३०,०००. उचलीवर व्याज घ्यायचं करारात नव्हतं, म्हणून ते सोडलं.

आता नफा. इथे मी काकांना फोन केला, कारण पानावर नुसतं 'नफा २,३५,०००' होतं. हा व्याज काढण्याआधीचा आकडा निघाला. तो तसाच निम्मा वाटून वर व्याजही जमा केलं असतं, तर तेच ७५,००० दोनदा मोजले गेले असते. व्याज वजा जाता उरले १,६०,०००, म्हणजे प्रत्येकी ८०,०००.

थोरल्यांची जमा बाजू झाली ६,२५,०००. उचल वजा जाऊन अखेरची शिल्लक ५,३५,०००. धाकट्यांची ४,१०,००० मधून १,२०,००० गेले, राहिले २,९०,०००. ही शिल्लक नावे बाजूला लिहितात, दोन्ही बाजू जुळाव्यात म्हणून, ती पाहून "एवढी उचल मी कधी केली?" असं काकांनी विचारलंच.

ताळा असा: सुरुवातीचे सात लाख, आणलेला एक लाख, नफा २,३५,०००, त्यातून उचल २,१०,००० वजा. उरतात ८,२५,०००. दोघांच्या शिलकांची बेरीजही तेवढीच भरली. मात्र या ताळ्यात व्याजाची चूक पकडली जात नाही. व्याज नफ्यातूनच निघतं, त्यामुळे थोरल्यांना पाच हजार जास्त लावले असते तरी बेरीज ८,२५,००० च आली असती, फक्त धाकट्यांचे अडीच हजार थोरल्यांकडे गेले असते.